न लागलेली बोली

माझे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी कपाटं करतात. मी साताऱ्यात राहतो आणि कोरेगावच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. दाजींच्या कारखान्यात मी कधी एक स्क्रूसुद्धा आवळलेला नाही. तरी त्या वर्षी तिथे जे झालं त्यात माझा हात होता, आणि तो हात कुठे होता ते मला सांगायचं आहे.

मंदी आली ती आधी आवाजातून कळली. दाजींच्या शेजारच्या शेडमध्ये गाड्यांचे सुटे भाग करायचे. तिथली प्रेस दिवसभर धडधडायची. ती आधी दुपारनंतर बंद होऊ लागली, मग एक दिवसाआड. पुण्याच्या आणि साताऱ्याच्या गाड्यांच्या कारखान्यांनी मागणी कमी केली होती. आमच्याकडची निम्मी पोरं तिथेच कामाला. त्यांचा ओव्हरटाइम गेला, मग काहींची पाळी गेली. दाजींचं कपाट घेणारं गिऱ्हाईक म्हणजे ही पोरं आणि त्यांचे आईबाप. लग्न ठरलं की कपाट, घर बांधलं की कपाट. लग्नं होत होती, पण कपाट राहून जात होतं.

दाजींनी मला विचारलं, "सर, तुमी शिकवता न्हवं ह्ये? सांगा, थांबू का चालू ठेवू?"

दाजी मला 'सर' म्हणतात ते अर्धं कौतुकाने, अर्धं चिडवायला. त्या दिवशी चिडवणं नव्हतं. कारखान्यात तीन कामगार होते. मोठा वेल्डर सगळ्यांत जुना. बाकी दोघे त्याच्याच गावचे, त्यानेच आणलेले. कपाटं करणं थांबवलं तर त्या तिघांना घरी पाठवावं लागणार होतं. दाजींना ते नको होतं, आणि मलाही.

मी म्हणालो, "चालू ठेवा."

हे मी नुसत्या दयेपोटी म्हटलं असतं तर आज इतकं टोचलं नसतं. मी ते शास्त्राच्या जोरावर म्हटलं. दर वर्षी मी मुलांना बाजाराचा तो जुना नियम शिकवतो: पुरवठा स्वतःची मागणी स्वतःच निर्माण करतो. तो असा की, कपाट करताना तुम्ही पत्र्याचे पैसे देता, मजुरी देता, भाडं देता, उरलेला नफा स्वतः घेता. म्हणजे कपाटाची जेवढी किंमत, तेवढंच उत्पन्न कुणाकुणाच्या खिशात गेलेलं असतं. ते पैसे कुणी ना कुणी खर्च करणारच. आज एखाद्या मालाला उठाव नसेल तर दुसऱ्या कुठल्या मालाची टंचाई असेल. पण सगळाच माल एकदम पडून राहील असं होत नाही. आणि कुणी पैसे शिल्लक टाकलेच, तर ते बँकेतून दुसरा कुणी उचलतो, यंत्र घेतो, शेड बांधतो. शिल्लक वाढली की व्याज उतरतं, व्याज उतरलं की उचलणारे वाढतात. पैसा थांबत नाही.

पुढच्या तासाला मी या नियमावरची टीकाही शिकवतो. मुलं दोन्ही पाठ करतात. मी स्वतः मात्र पहिल्यावर विश्वास ठेवत आलो, कारण तो ऐकायला न्याय्य वाटतो. कष्ट केले की ते वाया जात नाहीत, असं तो सांगतो.

दाजींनी चालू ठेवलं. कपाटं भिंतीला लागली, मग दारापर्यंत आली. अक्काच्या घराच्या व्हरांड्यातही चार उभी राहिली. अक्का म्हणायची, "चोर आला तर त्याला आत शिरायला जागा न्हाई, एवढंच बरं हाय."

मग दाजींनी भाव उतरवला. पुस्तकाप्रमाणे तेही बरोबर होतं. एका रविवारी मी तिथेच होतो. तासगावकडचा एक शेतकरी मुलीच्या लग्नासाठी कपाट बघायला आला. दार उघडून, लॉकर ओढून, आरशात मिशा बघून झाल्या. दाजींनी नवा भाव सांगितला. त्याचा चेहरा खुलण्याऐवजी सावध झाला.

"मागल्या महिन्यात तर जास्त सांगितला हुता की."

"आता उतरवलाय."

"मग अजून उतरंल," तो म्हणाला. "लग्नाला अवकाश हाय. बघतो."

त्याच्या उसाचं बिल जमा झालं होतं. ते त्यानेच बोलता बोलता सांगितलं. तो गेला तेव्हा मला त्याचा राग आला. मला वाटलं, हा खोटं बोलतोय. याने दुसरीकडे स्वस्तात ठरवलं असणार. त्या काळात मला सगळ्यांबद्दलच असं वाटायचं. माझा नियम चुकत नव्हता, तेव्हा कुणीतरी लबाडी करत असलं पाहिजे.

लबाडी मला सापडली ती भिशीत.

दाजींची बारा जणांची लिलावाची भिशी होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी पत्र्याच्या व्यापाऱ्याच्या दुकानात सगळे जमायचे. प्रत्येकाने ठरलेला हप्ता द्यायचा, आणि जमलेल्या रकमेवर बोली लागायची. बोली तोट्याची. ज्याला पैशाची गरज जास्त, तो म्हणायचा, "मी एवढे कमी घेतो." जो सगळ्यांत जास्त तोटा सोसेल त्याला रक्कम, आणि तो तोटा बाकीच्यांत वाटला जायचा. तेच त्यांचं व्याज. एकदा उचलली की पुन्हा नाही, हप्ते मात्र शेवटपर्यंत भरायचे. दाजींच्या आग्रहाने मीही एक सभासद होतो. साताऱ्याहून एसटीने जायचो, अक्काकडे जेवायचो, संध्याकाळी परत.

चांगल्या दिवसांत ही बोली बघण्यासारखी असायची. कुणाला नवी वेल्डिंग मशीन घ्यायची, कुणाला टेम्पोचं डाउन पेमेंट भरायचं. आवाज चढायचे, एकमेकांच्या बापजाद्यांचा उद्धार व्हायचा, आणि चहा येईपर्यंत कुणीतरी भलामोठा तोटा सोसून रक्कम घेऊन जायचा. त्या वर्षी बोली महिन्यामहिन्याला खाली येत गेली. मग एका रविवारी व्यापाऱ्याने विचारलं, "हं, बोला," आणि कुणीच बोललं नाही.

हा व्यापारी म्हणजे साठीचा जैन माणूस, सगळे त्याला अण्णा म्हणत. दाजींना पत्रा त्याच्याकडूनच यायचा आणि बरीच उधारी थकलेली होती.

"एक रुपाया तरी म्हणा," अण्णा म्हणाले.

कोपऱ्यात बसलेले सुभेदार हसले. सैन्यातून निवृत्त झालेले, पेन्शनच्या जोडीला एक छोटी पिठाची गिरणी चालवणारे. "अण्णा, तुमीच म्हणा की. तुमच्या बोलीला आमी टाळ्या वाजवतो."

"मला काय करायचेत पैसे?"

"मग आमाला काय खाज सुटलीय?"

नियम असा होता की बोली नाही लागली तर चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव येईल त्याने पूर्ण रक्कम घ्यायची. म्हणजे बिनव्याजी पैसे. तरीही ज्याचं नाव आलं तो बेकरीवाला म्हणाला, "च्यायला, माझंच सापडलं व्हय," आणि जामीन शोधायला लागला. पुढच्या महिन्यातही तेच. या वेळी चिठ्ठी दाजींची निघाली.

आणि दाजींनी त्या रकमेतून तिथल्या तिथे अण्णांची उधारी चुकती केली.

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात सगळं जुळत गेलं. दोन महिने कुणीही बोली लावत नाही, हे आपोआप होईल? कपाटवाला, टेम्पोवाला, बेकरीवाला, सगळ्यांनाच एकदम पैसे नकोसे होतील? अण्णांनी सगळ्यांना गप्प बसवलं असणार. बोली लागली नाही की चिठ्ठी, आणि चिठ्ठी अण्णांच्याच डब्यातली. दाजींचं नाव काढून स्वतःची वसुली केली. कराडपर्यंत मला खात्री झाली होती. उंब्रजला मी अक्काला फोन करून सांगितलंही.

अक्का म्हणाली, "अण्णा तसा न्हाई रं. पण आता कुनाचं काय सांगावं."

माझ्या त्या एका फोनने अण्णांच्या आणि दाजींच्या वीस-बावीस वर्षांच्या व्यवहारात विष पडलं. दाजी त्यांच्याकडे जायचे थांबले. अण्णांनी निरोप पाठवला तर दाजी म्हणायचे, "आता काय काम हाय त्यांचं? वसुली झाली न्हवं?"

पुढच्या भिशीच्या रविवारी मी लवकर पोचलो आणि अण्णांना एकटं गाठलं. मी सरळ विचारलं. डबा कोण भरतं, चिठ्ठ्या कोण लिहितं, बोली न लावायचं कुणी ठरवलं.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. रागावले नाहीत, त्याने मी जास्त बावरलो. "सर, तुमी मला चोर म्हनता, ते म्हना. पन चोराला माल खपवायला गिऱ्हाईक लागतंय. चला."

ते मला मागच्या गोदामात घेऊन गेले. पत्र्याच्या गठ्ठ्यांवर धूळ होती. गोदामाच्या मधल्या वाटेने आडवं होऊन जावं लागत होतं.

"हे बघा. ह्यो सगळा जुन्या भावाचा. पत्र्याच्या कारखान्यानं भाव दोनदा उतरवला. आज नवा पत्रा घेतला तर उद्या मलाच तोटा. म्हनून घेत न्हाई. तुमच्या दाजींनी दिलेले पैसे कुटं हायत, विचारा."

"कुठे आहेत?"

"बँकेत. पडून. मी काय करू त्यांचं?"

"दुसऱ्या कुणाला द्या. व्याजाने."

"कुनाला? बँकवालाच मला फोन करतोय, अण्णा, लोन घ्या, लोन घ्या. बोलीचा भाव शून्यावर आलाय सर. फुकट पैसे हायत. घ्यायला कोन न्हाई. उचलून करायचं काय? मशीन घ्यायची? हाय ती मशीन रिकामी हाय."

मी धुळीत बोट फिरवत उभा राहिलो. हे सगळं मी फळ्यावर लिहीत आलो होतो. व्याज उतरलं की उचलणारे वाढतात, हेच ते. इथे व्याज उतरत उतरत शून्याला टेकलं होतं आणि उचलणारा एकही नव्हता. पैसा भिशीतून दाजींकडे, दाजींकडून अण्णांकडे आला होता आणि अण्णांच्या खात्यात बसून राहिला होता. अण्णांनी तो लपवला नव्हता. त्यांनी फक्त पुढे दिला नव्हता. अण्णांनी पत्रा न घेतल्यामुळे कुणाची मजुरी बुडली, त्या मजुराने काय घेतलं नाही, त्या दुकानदाराने काय मागवलं नाही, अशी ती साखळी मागे जात होती. आणि त्यातला प्रत्येक जण माझ्यासारखाच दुसऱ्याच्या खिशाकडे संशयाने बघत होता. प्रत्येकाचं वागणं शहाणपणाचं होतं. तासगावचा शेतकरीसुद्धा.

"तुमच्या मनात आलं ते दाजींच्याबी मनात हाय," अण्णा म्हणाले. "तुमीच घातलंय. आता तुमीच काढा."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही ते मला कळलं नाही. सगळे जमू लागले होते.

त्या दिवशी अण्णांनी चिठ्ठ्यांचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आज सर काढतील. त्यांना शंका हाय." मला जमिनीत जावंसं वाटलं. दाजी खाली बघत होते.

"आधी बोली तरी विचारा की," सुभेदार म्हणाले. "बोला रं कुनी. सर, तुमी तर पगारदार माणूस. महिन्याच्या महिन्याला पैसे येत्यात, मंदी असू दे न्हाईतर काय बी. तुमी का न्हाई उचलत?"

"मला गरज नाही," मी म्हणालो.

"हां. मंग आमाला का म्हनता तुमी संगनमत केलं म्हनून? तुमचंबी त्यातच नाव हाय."

सगळे हसले. मी हसलो नाही. मला गरज नव्हती हे खोटं होतं. साताऱ्यातलं आमचं स्वयंपाकघर दोन वर्षांपासून करायचं होतं. ओट्याखालची लाकडी कपाटं वाळवीने खाल्ली होती. बायको दर सुट्टीत विषय काढायची आणि मी म्हणायचो, जरा थांबू, दिवस बरे नाहीत. माझा पगार एका रुपयानेही कमी झालेला नव्हता. दाजींना मी सांगत होतो, माल करत राहा, घेणारा येईल. आणि घेणारा मी होतो, थांबून.

"मी घेतो," मी म्हणालो.

"किती तोट्याने?"

"शंभर रुपये."

"शंभर?" सुभेदारांनी मान वर केली. "बिनतोट्याचं मिळत असताना शंभर का देताय?"

"चिठ्ठी निघायला नको म्हणून."

मला वाटलं होतं, कुणाला बरं वाटेल. झालं उलटं. टेम्पोवाल्याने बेकरीवाल्याकडे बघितलं. अण्णा चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. सगळ्यांच्या मनात एकच आलं होतं, ते नंतर दाजींनी चहाच्या टपरीवर बोलून दाखवलं.

"खरं सांगा. काय ऐकलंय?"

"काही नाही."

"आवं, पगार वाढनार हाय का? पत्रा महागनार हाय? कायतरी असल्याशिवाय तुमी पैसा उचलनारा माणूस न्हाई."

"दाजी, स्वयंपाकघर करायचंय. लोखंडी ट्रॉल्या, वरची कपाटं. तुम्ही करायचं."

दाजींनी कप खाली ठेवला. "माझ्यावर दया करायला लागलाय?"

"वाळवी लागलीय. अक्काला विचारा. ती येऊन बघून गेलीय."

त्यांनी तिथेच अक्काला फोन लावला. माझ्यासमोर. मी सांगितलेलं त्यांना खरं वाटेना, आणि याचा दोष मी त्यांना देऊ शकत नव्हतो. अक्का म्हणाली ते मलाही ऐकू आलं: "व्हय, लागलीय. गेल्या दिवाळीत डब्यात लाकडाचा भुसा पडत हुता."

मग मी त्यांना अण्णांचं गोदाम सांगितलं. फोनवर मी जे बोललो होतो ते चुकीचं होतं, हे सांगितलं. आणि मुख्य म्हणजे, कपाटं चालू ठेवा हे मी जे सांगितलं होतं तेही. कपाट केल्याने कामगाराच्या हातात पैसे जातात हे खरं. पण ते पैसे तो उद्याच्या भीतीने धरून ठेवील, आणि आपल्या मालाचं पुढे काही होणार नाही, हे मी धरलं नव्हतं.

दाजींनी गार झालेला चहा संपवला. मग म्हणाले, "आमचा मोठा वेल्डर बी तसाच. पोरीच्या लग्नाला माझ्याकडंच कपाट घ्यायचं म्हनत हुता. आता म्हनतो, मालक, बघू. माझ्या कारखान्यात कपाट करतो, मजुरी घेतो, आन कपाट घेत न्हाई. मला त्याचा लय राग येत हुता." ते थांबले. "त्याला वाटत असंल, आज न्हाई तर उद्या मालक काढनार."

स्वयंपाकघराच्या कामाने तिघांचा जवळजवळ महिना निघाला. दाजी अण्णांकडे स्वतः गेले आणि ट्रॉलीचा पत्रा घेऊन आले. तो थोडासाच होता. अण्णांना त्यासाठी नवा माल मागवावा लागला नाही. गठ्ठ्यातला वरचा उचलून दिला. म्हणजे माझे पैसेही पुन्हा तिथेच जाऊन बसले, निदान त्यांतला काही भाग. एका स्वयंपाकघराने मंदी जात नाही. भिशीत पुढच्या महिन्याला कुणीतरी दीडशेची बोली लावली म्हणे, मी काहीतरी ऐकलंय या संशयाने. त्यानंतर पुन्हा शांतता.

काम संपलं तेव्हा दाजींनी कपाटं करणं थांबवायचं ठरवलं. ऑर्डर असेल तरच काम. दोघा धाकट्यांना ऑर्डर येईपर्यंत घरी बसायला सांगायचं, मोठ्याला आठवड्यातून तीन दिवस. मी म्हणालो, सांगताना मी येतो. दाजी म्हणाले, कशाला. मी म्हणालो, चालू ठेवा म्हणताना मी होतो.

शनिवारी दुपारी मी गेलो. दाजींनी फिरवून फिरवून सांगायला सुरुवात केली, मंदी, पत्रा, गोदाम. मोठ्या वेल्डरने हात वर करून थांबवलं. "मालक, कळलं. कवापासून?"

"सोमवारपासून."

धाकट्यांपैकी एक म्हणाला, "मंग ह्येवढी कपाटं कशाला करून घेतली? तवाच सांगायचं हुतं. गावाकडं भुईमुगाची काढणी तरी गावली असती."

दाजींनी माझ्याकडे बघितलं नाही. मीच म्हणालो, "मी सांगितलं होतं करायला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी कोण, हे त्याला नीट माहीत नव्हतं. मोठा वेल्डर सामान पिशवीत भरत म्हणाला, "सर, तुमच्या घरचं काम बरं झालंय न्हवं?"

"चांगलं झालंय."

"मग लोकांस्नी दाखवा की. नुसतं डबं ठेवून काय उपेग?"

तेव्हापासून मी दाखवतोय. घरी कुणीही आलं की चहाच्या आधी स्वयंपाकघर. सहकारी प्राध्यापक, विमेवाला, वरच्या मजल्यावरचं जोडपं. मला हे जमत नाही. ट्रॉली ओढून दाखवताना मी वर्गात फळा पुसताना घामाघूम होतो तसा होतो. बायको म्हणते, "तुम्ही बोलू नका, मी दाखवते."

गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त अधिकारी आले. ट्रॉली दोनदा ओढली, वाकून चाकं बघितली, भाव विचारला. मी सांगितला. सगळं पटल्यासारखं दिसत होतं. मग ते सरळ उभे राहिले.

"करणारा कोण म्हणालात? तुमचे मेहुणे?"

"हो. बहिणीचे यजमान."

"मग तुम्ही चांगलंच म्हणणार," ते म्हणाले. "तुम्हाला किती सुटतात त्यात?"

मी म्हणालो, काही सुटत नाही. दोन माणसं घरी बसलीत, त्यांना परत बोलवायचंय. ते माझ्याकडे बघून हसले, अगदी समजूतदारपणे, आणि म्हणाले की दोन-तीन ठिकाणी भाव काढून मग कळवतो. मी दाजींचा नंबर एका कागदावर लिहून त्यांच्या खिशात घातला. त्यांनी तो घेतला. जिना उतरताना त्यांनी कागद काढून वाचला, ते मी वरून बघत होतो.